वेगमर्यादेचे ई-चलान: ते कसे तयार होते, कुठे शोधायचे आणि भरण्यापूर्वी काय पाहायचे

प्रश्न: मोहोळहून माझी पिकअप गाडी भाजीपाला घेऊन पुण्याला जाते. परवा मोबाइलवर मेसेज आला की महामार्गावर गाडी ताशी ९१ किलोमीटरने गेली म्हणून चलान झाले आहे. तिथे तर १०० चा बोर्ड आहे. हे चलान खरे आहे का, आधीचीही काही थकली असतील तर ती कुठे बघायची, आणि पैसे भरायचे की तक्रार करायची?

उत्तर:

आधी दोन गोष्टी सांगतो. मेसेजमधल्या दुव्यावर बोट ठेवू नका; चलान खरे असेल तर ते सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून तुम्हाला स्वतः शोधता येते. आणि १०० चा बोर्ड पाहून निर्धास्त होऊ नका, कारण ती मर्यादा प्रवासी मोटारींसाठी असते, मालवाहू गाडीसाठी नव्हे. मी सोलापुरात मोटार वाहन कायद्याची प्रकरणे चालवतो आणि वेगाच्या चलानांबाबत गाडीमालकांचा सर्वांत जास्त गोंधळ याच दोन ठिकाणी होतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

चलान शोधताना एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. महाराष्ट्रात गाडीवर चलान करणारी दोन वेगवेगळी खाती आहेत आणि त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. पोलिसांनी केलेले चलान, मग ते सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेचे असो, ग्रामीण पोलिसांचे असो किंवा महामार्ग पोलिसांचे असो, mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या अधिकृत मोबाइल ॲपवर दिसते. आरटीओच्या वायुवेग पथकाने केलेले चलान मात्र केंद्राच्या echallan.parivahan.gov.in या संकेतस्थळावर नोंदले जाते. रस्त्यावर वेग मोजणारी गाडी पोलिसांची होती की आरटीओची, हे चालकाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एका ठिकाणी थकबाकी शून्य दिसली तर दुसऱ्या ठिकाणीही ती शून्यच असेल असे धरून चालू नये. गाडी विकताना किंवा ना-हरकत दाखला काढताना अचानक जुनी चलाने समोर येतात, तेव्हा मालकाने तोवर एकच संकेतस्थळ पाहिलेले असते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक किंवा चलान क्रमांक यांपैकी एक पर्याय निवडावा लागतो. गाडीचा क्रमांक मध्ये जागा किंवा रेघ न सोडता सलग टाकावा, म्हणजे सोलापूर आरटीओची गाडी असेल तर MH13 पासून आणि अकलूजची असेल तर MH45 पासून पुढे एका ओळीत. त्यानंतर चासी किंवा इंजिन क्रमांकाची शेवटची चार अक्षरे मागितली जातात. दोन्ही क्रमांक आरसीवर असतात. चित्रातील अक्षरे भरून माहिती पाठवली की त्या गाडीवरील चलानांची यादी उघडते आणि प्रत्येक चलानापुढे तारीख, ठिकाण, गुन्ह्याचे कलम, रक्कम आणि पुराव्याचे छायाचित्र पाहण्याची सोय दिसते. केंद्राच्या संकेतस्थळावर चलान क्रमांक, वाहन क्रमांक किंवा लायसन्स क्रमांक यांवरून शोध घेता येतो, परंतु तेथे तपशील उघडण्यासाठी नोंदणीतील मोबाइलवर ओटीपी येतो. गाडी जुन्या मालकाकडून घेतली असेल आणि त्याचाच नंबर आरसीच्या नोंदीत राहिला असेल तर ओटीपी त्याला जातो आणि चलानाचे मेसेजही त्यालाच मिळतात. असे असेल तर परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक बदलून घेण्याचे काम सर्वांत आधी करा, कारण त्याशिवाय पुढचे प्रत्येक चलान तुम्हाला उशिराच कळेल.

आता वेग मोजला कसा गेला ते पाहू, कारण छायाचित्र समोर आल्यावर त्यात काय तपासायचे हे त्यावरूनच ठरते. सोलापूर–पुणे मार्गावर तुमच्यासारख्या गाड्यांना होणारी वेगाची चलाने प्रामुख्याने इंटरसेप्टर गाडीतल्या लेसर स्पीडगनने होतात. या उपकरणातून डोळ्यांना न दिसणारी लेसर किरणांची स्पंदने गाडीकडे सोडली जातात आणि ती गाडीवर आपटून परत येण्यास लागलेला वेळ मोजला जातो. गाडी ३०० मीटरवर असेल तर किरणाचा जाऊन-येऊनचा प्रवास ६०० मीटरचा होतो आणि त्याला एका सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग एवढाच वेळ लागतो. या एका मोजणीतून फक्त अंतर कळते. वेग कळण्यासाठी उपकरण सेकंदाच्या एका लहानशा भागात अशा शेकडो मोजण्या करते आणि अंतर किती झपाट्याने कमी होत आहे ते पाहते. ताशी ९१ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २५ मीटर. याचा अर्थ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात गाडी आठ मीटरच्या आसपास पुढे आलेली असते, आणि तेवढा फरक अशा उपकरणाला मोजायला पुरेसा असतो. त्याच क्षणी कॅमेरा छायाचित्र घेतो आणि त्यावर वेग, अंतर, तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद उमटते.

रडारवर चालणाऱ्या उपकरणाचे तत्त्व थोडे वेगळे आहे. त्यात रेडिओ लहरी सोडल्या जातात आणि हलत्या गाडीवरून परतणाऱ्या लहरीच्या वारंवारितेत पडलेल्या फरकावरून वेग काढला जातो. याखेरीज सरासरी वेगाची पद्धत आहे, जी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वापरात आली. तुमचा माल कधी नवी मुंबईच्या बाजारात जात असेल तर ती माहीत असू द्या. त्यात एका कमानीवर गाडीची पाटी आणि वेळ टिपली जाते, पुढच्या कमानीवर पुन्हा टिपली जाते आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागले जाते. समजा मधले अंतर १० किलोमीटर आहे आणि मर्यादा १०० आहे, तर ते पार करायला किमान ६ मिनिटे लागायला हवीत. गाडी साडेपाच मिनिटांत पोचली तर सरासरी वेग १०९ निघतो आणि दुसऱ्या कमानीखाली ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही.

लेसर उपकरणाबाबत एक शंका नेहमी विचारली जाते. पोलिसांची गाडी रस्त्याच्या कडेला तिरकी उभी असते, मग त्यामुळे वेग जास्त दिसत असेल का? प्रत्यक्षात उलटे घडते. किरण सरळ समोरून न पडता कोनातून पडला तर गाडी उपकरणाच्या दिशेने जितकी जवळ येते तितकाच वेग मोजला जातो आणि तो खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी असतो. कोन १० अंशांचा असेल तर १०० च्या वेगाची गाडी ९८.५ च्या आसपास दिसते, २० अंशांचा असेल तर ९४ दिसते. म्हणून उपकरण तिरके होते हा बचाव घेऊन कोणी आला की मी त्याला तो मुद्दा सोडून द्यायला सांगतो, कारण तो स्वतःच्याच विरोधात जातो.

चुका होतात त्या दुसऱ्या ठिकाणी. पहिली चूक लक्ष्याची असते. लेसरचा झोत जसजसा दूर जातो तसतसा रुंदावतो आणि ३०० मीटरवर तो साधारण मीटरभर रुंद झालेला असतो. दोन गाड्या अगदी जवळजवळ असतील किंवा एक गाडी दुसरीला ओलांडत असेल तर मोजलेला वेग एकीचा आणि चलान दुसरीचे, असे होण्याचा संभव राहतो. बहुतेक लेसर उपकरणांच्या छायाचित्रात नेम कुठे होता हे दाखवणारी फुली किंवा चौकट असते. ती तुमच्या गाडीच्या पाटीवर किंवा दर्शनी भागावर आहे की शेजारच्या गाडीवर, हे चित्र मोठे करून पाहा. दुसरी चूक पाटी वाचण्यात होते. कॅमेऱ्याने किंवा माणसाने पाटी वाचताना 8 आणि B, 0 आणि D, 1 आणि 7 यांची गल्लत होते, आणि पाटी चिखलाने माखलेली किंवा वेलबुट्टीच्या अक्षरांत रंगवलेली असेल तर ती हमखास होते. तिसरा प्रकार बनावट पाटीचा आहे. त्यात वाचन बरोबर असते पण गाडीच तुमची नसते. या दोन्ही प्रकारांत छायाचित्रातील गाडीचा रंग, कंपनी आणि मॉडेल, मागचा हौदा, ताडपत्रीचे हुक, टपावर रंगवलेले नाव असे तपशील तुमच्या गाडीशी ताडून पाहणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तुमच्या बाबतीत माझ्या दृष्टीने कळीची बाब पुढची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये वाहनांच्या प्रकारानुसार कमाल वेग ठरवून दिले. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर चालकाखेरीज आठपर्यंत प्रवासी नेणाऱ्या मोटारीला १००, त्याहून मोठ्या प्रवासी वाहनांना ९० आणि सर्व मालवाहू वाहनांना ८० किलोमीटर प्रतितास अशी ती मर्यादा आहे. पिकअप आकाराने लहान असली तरी तिची नोंदणी मालवाहू म्हणून झालेली असते, त्यामुळे तिला ८० च लागू होतात. यापेक्षा कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे. गावाजवळ, वळणावर किंवा काम चालू असलेल्या पट्ट्यात तशी पाटी असेल तर तीच पाळावी लागते. म्हणजे वेगाची नोंद बरोबर असेल, तर ९१ हा आकडा मर्यादेपेक्षा ११ ने जास्त आहे आणि बोर्डाचा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही.

मात्र आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो तुम्ही स्वतःला आधी विचारावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ प्रमाणे ऑक्टोबर २०१५ नंतरच्या मालवाहू गाड्यांत वेग ८० वर रोखणारे उपकरण, म्हणजे स्पीड गव्हर्नर, असणे बंधनकारक आहे. तुमची गाडी त्यानंतरची असेल आणि तिचा गव्हर्नर चालू असेल तर सपाट रस्त्यावर ती ९१ पर्यंत जायलाच नको. मग शक्यता दोनच राहतात. एक तर गव्हर्नर बिघडलेला आहे किंवा कोणीतरी तो काढून ठेवला आहे. नाहीतर ९१ चा वेग तुमच्या गाडीचा नाही. पहिली गोष्ट खरी असेल तर तक्रार करताना तुम्हीच गव्हर्नरचा विषय काढला की तपासणी तुमच्याच गाडीची होईल आणि फिटनेसचा नवा प्रश्न उभा राहील. दुसरी खरी असेल तर हाच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. म्हणून तक्रार लिहिण्याआधी गाडी मोकळ्या रस्त्यावर घेऊन जा, काटा ८० च्या पुढे सरकतो का ते पाहा, आणि चालकालाही स्पष्ट विचारा. नाशवंत माल वेळेत पोचवायचा म्हणून गव्हर्नरशी छेडछाड करण्याचे प्रकार होतात आणि मालकाला ते सहसा शेवटी कळतात.

छायाचित्र पाहताना कायद्याने पुराव्यात काय काय असायला हवे ते लक्षात घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घालण्यात आला. स्पीड कॅमेरा, स्पीडगन, पाटी वाचणारा कॅमेरा, अंगावरचा कॅमेरा अशी सर्व इलेक्ट्रॉनिक साधने त्यात येतात. त्या नियमाप्रमाणे उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी सूचनाफलक ठळकपणे लावावा लागतो. चलानासोबत गुन्हा आणि पाटी दाखवणारे स्पष्ट छायाचित्र, उपकरणाने केलेली मोजणी, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेले कलम द्यावे लागते. आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याची सूचना पाठवावी लागते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांची नावे या नियमात दिली आहेत आणि सोलापूर त्यांपैकी एक असल्यामुळे महामार्गाप्रमाणे शहरातल्या चौकांतील कॅमेऱ्यांनाही हा नियम लागू आहे. वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांची वजनेमापे तपासणाऱ्या वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन करून घेण्याची तरतूदही जुलै २०२५ पासून अंमलात आली आहे.

या अटींचा उपयोग कसा करायचा याविषयी माझे मत थोडे सावध आहे. सूचना पंधराव्या दिवसाऐवजी विसाव्या दिवशी आली किंवा फलक झाडाआड होता, एवढ्यावरून चलान आपोआप रद्द होत नाही. हे मुद्दे न्यायालयात मांडता येतात, पण ते आधाराचे मुद्दे आहेत. मूळ मुद्दा गाडी चुकीची आहे, वाहनप्रकार चुकीचा धरला आहे किंवा छायाचित्रात वेगाची नोंदच नाही, अशा स्वरूपाचा असेल तर त्याला या अटींचे बळ मिळते. तसा मूळ मुद्दा हाताशी नसेल तर केवळ तारखांच्या हिशेबावर न्यायालयाच्या फेऱ्या मारण्यात तुमचे मालवाहतुकीचे दिवस फुकट जातात.

रकमेविषयी थोडक्यात सांगतो. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम किंवा जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड सांगितला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या वाहनात मोडते, त्यामुळे तुमची पिकअप वेगमर्यादेसाठी मालवाहू असली तरी दंडाच्या दृष्टीने हलके वाहन आहे. जागेवर किंवा ऑनलाइन भरली जाते ती रक्कम तडजोड शुल्क असते आणि ती राज्य सरकार ठरवते. चलानावर २,००० पेक्षा मोठी रक्कम दिसली तर एकाच चलानात दुसरी कलमेही लावली आहेत का, किंवा गाडीची नोंद जड वाहन म्हणून झाली आहे का, ते तपासा. जड वाहन ही नोंद चुकीची असेल तर आरसीची प्रत जोडून ती दुरुस्त करून घेता येते.

सगळे तपासून चलान बरोबर आहे असे दिसले तर ते लगेच भरून टाकावे. पोलिसांच्या संकेतस्थळावर यादीतील हवे ते चलान निवडून यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगने रक्कम भरता येते. सगळी चलाने एकदम भरण्याची सक्ती नसते, त्यामुळे वादातले चलान बाजूला ठेवून बाकीची भरता येतात. ऑनलाइन जमत नसेल तर वाहतूक शाखेत जाऊन किंवा ई-चलानाचे यंत्र असलेल्या वाहतूक पोलिसाकडे रक्कम भरता येते, मात्र त्या यंत्रातून निघालेली पावती किंवा मोबाइलवर आलेली पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नये. आरटीओचे चलान केंद्राच्या संकेतस्थळावरच भरावे लागते. पैसे खात्यातून गेले आणि चलान तरीही प्रलंबित दिसत असेल तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, एक-दोन कामाचे दिवस थांबून पुन्हा पाहा, आणि तरीही बदल झाला नाही तर तोच व्यवहार क्रमांक देऊन संकेतस्थळावरील मदत कक्षाकडे लेखी कळवा. पावतीची प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

चलान चुकीचे वाटत असेल तर ते भरायचे नाही, हे लक्षात असू द्या. तडजोड शुल्क भरले की गुन्हा मिटतो आणि त्यानंतर तो घडलाच नव्हता असे म्हणायला जागा राहत नाही. 'आधी भरतो, मग परत मागतो' हा मार्ग व्यवहारात फसतो. पोलिसांच्या चलानासाठी संकेतस्थळावर आणि ॲपवर Grievance नावाचा विभाग आहे. तिथे चलान क्रमांक देऊन नेमके काय चुकले आहे ते दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि गाडीची समोरून, मागून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे तसेच आरसीची प्रत जोडावी. 'माझी गाडी तिथे नव्हती' असे नुसते लिहिण्यापेक्षा त्या दिवशी गाडी कुठे होती हे दाखवावे. तुमच्यासारख्यांसाठी फास्टॅगचा उतारा फार उपयोगी पडतो. मोहोळहून पुण्याकडे जाताना गाडी वरवडे, सरडेवाडी आणि पाटस हे टोलनाके ओलांडते आणि प्रत्येक नाक्याची वेळ उताऱ्यात येते. चलानाची वेळ आणि ठिकाण त्या वेळांमध्ये बसतच नसेल तर गाडी दुसरी होती हे कागदावर सिद्ध होते. त्या वेळा जुळत असतील तर मात्र फास्टॅगवरून वेगाचा बचाव करता येत नाही; दोन नाक्यांमधल्या वेळेत चहापाण्याचा थांबाही धरलेला असतो, म्हणून सरासरी ६० निघाली तरी एखाद्या ठिकाणी गाडी ९१ ने गेली नव्हती असे त्यावरून म्हणता येत नाही.

तक्रार कोणाकडे जाईल हे चलान केलेल्या शाखेवर अवलंबून असते. सोलापूर शहराच्या हद्दीतले चलान शहर वाहतूक शाखेकडे, महामार्ग पोलिसांचे त्यांच्या संबंधित केंद्राकडे आणि वायुवेग पथकाचे आरटीओ कार्यालयाकडे. शहर वाहतूक शाखेत जाऊन महामार्गावरच्या चलानाची तक्रार मांडणारे लोक रिकाम्या हाताने परत येतात, म्हणून चलानावर कोणत्या शाखेचे नाव आहे ते आधी वाचून मगच निघावे.

गाडी चालक चालवत होता, मग चलान मालकाला का, असाही प्रश्न तुमच्या मनात येईल. कॅमेऱ्याला फक्त पाटी दिसते, म्हणून सूचना नोंदणीकृत मालकाच्या नावाने निघते. त्या वेळी गाडी कोण चालवत होते ही माहिती मागितली गेल्यास ती देणे कलम १३३ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी कोणत्या दिवशी कोणत्या चालकाने गाडी नेली याची साधी वही ठेवणे पुरेसे असते, आणि वारंवार वेगाची चलाने कोणामुळे होतात हेही त्यातून उघड होते.

मुदतीत न भरलेले आणि तक्रारीतही न मिटलेले चलान न्यायालयात जाते. काही चलाने vcourts.gov.in या आभासी न्यायालयात पाठवली जातात. तिथे गाडीच्या क्रमांकावरून प्रकरण शोधता येते आणि दंड मान्य करून भरणे किंवा तो अमान्य करून प्रकरण लढवणे, असे दोन पर्याय असतात. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नियमित न्यायालयाकडे वर्ग होते आणि तिथे उपकरणाचे प्रमाणपत्र, मूळ छायाचित्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क असतो. चलानाच्या सूचनेवर जी मुदत छापलेली असते ती पाळावी, कारण मुदत उलटल्यावर चांगला मुद्दाही ऐकला जाणे अवघड होते.

थकीत चलानांबाबत लोकअदालतीचे मेसेजही येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत अशी प्रकरणे दाखलपूर्व म्हणून, म्हणजे न्यायालयात खटला दाखल होण्याआधीच, ठेवली जातात आणि तिथे ती तडजोडीने मिटू शकतात. परंतु लोकअदालतीत दंड निम्मा होतो अशी जी बातमी दर वेळी फिरते तिच्यावर विसंबून चलाने साठवत बसू नये. सवलत मिळेलच अशी कोणतीही हमी नसते. शिवाय लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील करता येत नाही, म्हणून ज्या चलानाला खरोखर आव्हान द्यायचे आहे ते तिथे मिटवू नये.

तुमची गाडी कधी विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादकडे जात असेल तर तिकडची चलाने महाराष्ट्र पोलिसांच्या यादीत दिसणार नाहीत. त्यांतील काही केंद्राच्या संकेतस्थळावर सापडतात, काही त्या त्या राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहावी लागतात.

शेवटी मेसेजविषयी, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. सध्या व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी .apk असे असते. ती चलानाची प्रत नसून मोबाइलमध्ये बसणारे ॲप असते. ते बसवले की तुमचे ओटीपी आणि बँकेचे मेसेज फाइल पाठवणाऱ्या भामट्याच्या हाती जातात. पोलीस किंवा आरटीओ चलान अशा फाइलने पाठवत नाहीत. दुसरा प्रकार हुबेहूब दिसणाऱ्या संकेतस्थळाचा आहे. पत्ता तपासताना https:// नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचाच भाग वाचा आणि तो .gov.in ने संपतो का ते पाहा. echallan किंवा parivahan हे शब्द पत्त्यात कुठेही घालता येतात, त्यामुळे ते दिसले म्हणून संकेतस्थळ सरकारी ठरत नाही. अशा दुव्यावर पैसे गेले असतील किंवा ॲप बसवले गेले असेल तर मोबाइलचे इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ही तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखले जाण्याची शक्यता बरीच जास्त असते.

तुम्हाला आलेल्या मेसेजमध्ये चलान क्रमांक असेल तर तो कागदावर उतरवून घ्या, वर सांगितलेल्या दोन्ही संकेतस्थळांवर स्वतः टाकून पाहा, आणि दोन्हीकडे तो सापडला नाही तर गाडीच्या क्रमांकावरून आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा शोधा, कारण रस्त्यावर टिपलेली नोंद तपासून संकेतस्थळावर यायला कधी कधी वेळ लागतो.